‘नीट करून दे’ म्हणजे काय?

खालाजानने व्हॉट्सॲपवर पासपोर्ट साइजचा फोटो पाठवला. सोबत तीनच शब्द, ‘नीट करून दे’. माझ्या मते अशा वेळी आधी फोटोला हात लावू नये, तो कशासाठी हवा ते विचारावं. फोटो अमेरिकेच्या व्हिसासाठी हवा होता. तिथे तो चौकोनी, 2 बाय 2 इंच लागतो. हनुवटीपासून डोक्याच्या टोकापर्यंत चेहरा 1 ते 1⅜ इंच, मागे पांढरं. खालाचा फोटो होता 3.5 बाय 4.5 सेंटीमीटरचा, उभा. चौकोनी करायला रुंदीत ताणला तर चेहरा पसरतो, वरून-खालून कापला तर हनुवटी जवळपास कडेला टेकते. त्यात पांढऱ्या भिंतीसमोर पांढरी ओढणी! डोकं कुठे संपतं तेच दिसेना.

ओढणी काढायची गरज नव्हती. रोज धर्मासाठी डोकं झाकणाऱ्यांना ती चालते. चेहरा पूर्ण दिसावा, सावली नसावी, एवढंच. म्हणून खालाला सांगितलं, गडद ओढणी घ्या, भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे, खिडकीकडे तोंड करून उभ्या राहा, चारी बाजूंनी जागा सोडून फोटो काढायला सांगा आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवा. कापणं माझ्या हातात आहे, न टिपलेली जागा आणणं नाही.