टोमणा वगळून उरलेला निरोप

सहकाऱ्याला पाठवलेल्या खोचक निरोपात बहुतेक वेळा एक खरी मागणी दडलेली असते. गाडी अडलेली असते, कागद हवा असतो, यंत्र बंद पडलेले असते. पण ती मागणी सरळ न लिहिता ‘लेकी बोले सुने लागे’ या रीतीने, नाव न घेता, तरीही ज्याला लागायचे त्याला लागेल अशी लिहिली जाते. वाचणाऱ्याला दोष तेवढा कळतो. काय करायचे आणि कधीपर्यंत, हे कळत नाही. असा निरोप पुन्हा लिहिताना भाषा गोड करण्यापेक्षा त्यातली मागणी मोकळी करणे हे खरे काम असते.

भिवंडीच्या गोदामांत या कामाची गरज रोज पडते. मुंबईच्या जकात हद्दीबाहेरची जागा म्हणून इथली गोदामे वाढली. 1 जुलै 2017 रोजी जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, आणि अनेक कंपन्यांनी ठिकठिकाणची छोटी गोदामे बंद करून मोठ्या गोदामांकडे मोर्चा वळवला. मांकोली, वळ, दापोडे, पूर्णा, राहनाळ, काल्हेर या पट्ट्यात आज एका गाडीच्या मालाला डिस्पॅच, लोडिंग, बिलिंग, गेट आणि ट्रान्सपोर्टर अशा पाच ठिकाणच्या माणसांचे हात लागतात. पाळ्या वेगळ्या, बसायच्या जागा वेगळ्या. त्यांच्यातले बरेचसे बोलणे व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर होते. तिथे चेहरा दिसत नाही, आवाज ऐकू येत नाही, आणि लिहिलेले वाक्य साहेबांसकट सगळे वाचतात.

एक नमुना घेऊ. इंदूरला जाणारी गाडी गोदामात उभी आहे. संध्याकाळी पावणेआठला डिस्पॅचचा सुपरवायझर ग्रुपवर लिहितो:

“नेहमीप्रमाणे आजही बिलिंगला कागद द्यायला वेळ मिळालेला दिसत नाही. गाडी केव्हाची भरून उभी आहे. असो. कोणीतरी लक्ष घातलं तर उपकार होतील 🙏”

या निरोपाची पहिली चाळणी तीन भागांची असते. जे घडले आणि तपासता येते ते एका बाजूला. जो अंदाज आहे तो दुसऱ्या बाजूला. आणि जे फक्त लागावे म्हणून लिहिले आहे ते तिसऱ्या बाजूला. गाडी भरून उभी आहे आणि कागद आलेले नाहीत, एवढ्या दोनच गोष्टी पहिल्या भागात येतात. बिलिंगला वेळ मिळाला नाही, हा अंदाज आहे. ‘नेहमीप्रमाणे’, ‘असो’, ‘उपकार होतील’ आणि तो नमस्कार हे तिसऱ्या भागातले. तिसरा भाग पूर्ण वगळायचा. दुसरा भाग एक तर तपासायचा, नाही तर वगळायचा. पहिला भाग मात्र वाढवायचा, कारण तो जवळजवळ नेहमीच अपुरा असतो.

तो वाढवायचा म्हणजे वेळ, आकडा आणि कागदाचा नंबर गोळा करायचा. इथे चौकशी केल्यावर चित्र असे दिसते: गाडी 4:10 ला आत आली. बिल 212 पेट्यांचे होते. चार पेट्या ओल्या निघाल्या म्हणून लोडिंगवाल्यांनी त्या बाजूला काढल्या. 6:30 ला 208 पेट्या भरून झाल्या. पण चार पेट्या कमी झाल्याचे बिलिंगला कळले 7:20 ला.

बिलिंगने कागद का अडवले, हेही आता उलगडते. राज्याबाहेर जाणारा 50,000 रुपयांवरचा माल असेल, तर सहसा ई-वे बिल लागते. एकदा तयार झालेल्या ई-वे बिलातला मालाचा आकडा बदलता येत नाही. गाडीचा नंबर बदलता येतो. नगांची संख्या चुकली तर ते बिल 24 तासांत रद्द करून नवे काढावे लागते. 212 चे बिल काढून 208 पेट्या रवाना केल्या असत्या, तर रस्त्यात तपासणीला गाडी अडण्याची भीती होती. म्हणजे बिलिंगचे थांबणे बरोबर होते, आणि उशिराचा मोठा भाग डिस्पॅच आणि लोडिंगच्या बाजूचाच होता. टोमणा चुकीच्या दारात टाकला गेला होता. वस्तुस्थिती गोळा करण्याचा हा पहिला फायदा: निरोप सौम्य होण्याआधी तो खरा होतो.

आता निरोप पुन्हा लिहायचा. तो ग्रुपवर न टाकता बिलिंगला त्या पाळीत बसलेल्या व्यक्तीलाच पाठवायचा:

“ताई, इंदूरची गाडी 6:30 ला भरून झाली. बिल 212 पेट्यांचं आहे, गाडीत 208 आहेत. 4 पेट्या ओल्या असल्याने खाली ठेवल्या. 208 चं नवीन बिल आणि ई-वे बिल 8:30 पर्यंत देता येईल का? 9 नंतर ट्रान्सपोर्टर हॉल्टिंग लावणार आहे. ओल्या पेट्यांचे फोटो आणि लॉट नंबर खाली दिले आहेत. आणखी काही लागत असेल तर लगेच सांगा.”

या निरोपात दोष कोणाचाच नाही, तरी लपवलेले काहीही नाही. घडलेली गोष्ट आकड्यांसह आहे. मागणी एकच आहे, तिला वेळ आहे, आणि त्या वेळेमागचे कारण कामाचे आहे. मागणी पुरी करायला जे लागेल ते सोबत जोडले आहे. शेवटचे वाक्यही कामाचे आहे, कारण बिलिंगकडे अजून एखादी माहिती अडली असेल तर ती अर्ध्या तासानंतर कळण्याऐवजी लगेच कळते.

दोन्ही निरोप शेजारी ठेवले, तर पुनर्लेखनाचा मुख्य नियम हाती लागतो. टोमण्यात मागे झालेल्या गोष्टीचा कर्ता ठळक असतो आणि पुढे करायच्या गोष्टीचा कर्ता हरवलेला असतो. ‘बिलिंगला वेळ मिळाला नाही’ यात दोषी ठरलेला आहे. ‘कोणीतरी लक्ष घातलं तर’ यात काम कोणाचेच नाही. नेमक्या निरोपात हे उलटे करायचे. जे झाले ते कर्त्याविना लिहायचे, जे व्हायला हवे ते नाव घेऊन लिहायचे. मराठीला पहिली गोष्ट सोपी जाते. ‘तुम्ही चलन दिलं नाही’ याऐवजी ‘चलन मिळालेलं नाही’, ‘तुम्ही एंट्री केली नाही’ याऐवजी ‘एंट्री राहिली आहे’ ही रोजच्या बोलण्यातलीच वाक्ये आहेत. दुसरी गोष्ट मुद्दाम करावी लागते. ‘बघून घ्यावे’, ‘व्यवस्था व्हावी’ अशी वाक्ये सभ्य वाटतात, पण त्यांत काम कोणावर पडले ते कळत नाही. त्यातून पुढचा उशीर होतो आणि पुढचा टोमणाही तयार होतो.

काही शब्द निरोपात दिसले की थांबून पाहावे. ‘नेहमी’, ‘परत एकदा’, ‘दर वेळी’ हे मोजमाप नसून आरोप असतात. खरोखरच वारंवार घडत असेल, तर तारखा द्याव्यात: ‘या महिन्यात 5, 9 आणि 12 तारखेला’. तारखा तपासता येतात, ‘नेहमी’ तपासता येत नाही. ‘एवढं तरी’, ‘निदान’, ‘साधं’ हे शब्द समोरच्याची कुवत काढतात. ‘आधीच सांगितलं होतं’ याऐवजी आधीच्या निरोपाची तारीख द्यावी किंवा तोच निरोप पुन्हा जोडावा. उत्तर नको असलेला प्रश्न, म्हणजे ‘हे पण आम्हीच बघायचं का?’, काढून टाकावा आणि उत्तर हवे असलेला प्रश्न विचारावा: ‘हे काम कोणाकडे आहे?’ साहेबांना विनाकारण टॅग करणे हाही शब्दांविना मारलेला टोमणाच असतो.

दुसरा नमुना पाळीबदलाचा. सकाळच्या पाळीतून निरोप येतो: “फोर्कलिफ्ट हवेवर चालत नाही, हे रात्रीच्या मंडळींना माहीत असेल अशी आशा.” यातली वस्तुस्थिती पूर्ण गायब आहे. ती भरली की निरोप असा होतो: “सकाळी 7 ला फोर्कलिफ्ट क्र. 3 ची बॅटरी 15 टक्के होती. त्यामुळे दुपारपर्यंत दोनच फोर्कलिफ्टवर माल उतरवला. पूर्ण चार्जला साधारण 8 तास लागतात. रात्रीच्या सुपरवायझरनी आजपासून 11 च्या आत क्र. 3 चार्जिंगला लावावी. त्या वेळी ती कामात लागत असेल तर कळवा, दुसरी वेळ ठरवू.” शेवटचे वाक्य इथे महत्त्वाचे आहे. रात्रीच्या पाळीने निष्काळजीपणा केला, की मध्यरात्री आलेल्या गाडीसाठी फोर्कलिफ्ट वापरावीच लागली, हे सकाळच्या माणसाला ठाऊक नाही. जे ठाऊक नाही ते गृहीत न धरता विचारणे, हाही नियमाचाच भाग आहे.

नवा निरोप जमला की नाही, हे पाठवण्यापूर्वी पडताळता येते. त्यातले प्रत्येक विधान समोरच्याला रजिस्टर, फोटो किंवा घड्याळ पाहून तपासता यायला हवे. निरोप वाचून त्याला आणखी एकही प्रश्न न विचारता काम सुरू करता यायला हवे. आणि हेच वाक्य वरच्या साहेबांना उद्देशून जसेच्या तसे लिहिता आले असते का, हे स्वतःला विचारावे. पहिल्या दोन कसोट्यांवर निरोप अडला, तर माहिती कमी आहे. तिसऱ्या कसोटीवर अडला, तर टोमणा अजून शिल्लक आहे.

उलट बाजूची चूकही होते. राग वगळताना मागणीच पातळ होते: ‘जमल्यास, सवड मिळाली तर, प्लीज एकदा बघाल का.’ यात वेळ नाही, कारण नाही, काम नाही. ‘8:30 पर्यंत’ लिहिणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. एक ‘कृपया’ पुरेसा असतो. चार लावले की तेच खोचक वाटू लागतात.

या पद्धतीच्या मर्यादाही पाळाव्या लागतात. माल गहाळ झाला, अपघात झाला, सुरक्षेचा नियम मोडला, तर कोण हजर होते आणि कोणी काय केले हे लिहावेच लागते. तिथे कर्ता गाळणे म्हणजे माहिती दडपणे. शिवीगाळ, धमकी किंवा जातीवरून, धर्मावरून, बाईपणावरून मारलेला टोमणा आला, तर त्याचे सौम्य रूप करून पुढे पाठवू नये. मूळ निरोप तारीख-वेळेसह जपून योग्य ठिकाणी तक्रार करावी. आणि तोच उशीर तारखा देऊनही सुरूच राहिला, तर प्रश्न निरोपाचा राहत नाही, कामाच्या वाटणीचा होतो. तो समोरासमोर बसून सोडवावा.

खोचक निरोप आपल्याला आला, तरी हीच रीत चालते. टोमण्याला उत्तर न देता त्यातली मागणी आपणच नेमकी करून परत विचारावी: “208 पेट्यांचं बिल हवं आहे, बरोबर? 8:30 पर्यंत देते.” काम पुढे सरकते आणि ग्रुपवर पुढच्या टोमण्याला जागा उरत नाही. म्हणून आज पाठवायचा एखादा निरोप बोटाखाली असेल, तर त्यात तीन गोष्टी आहेत का ते आधी पाहा: काय झाले, कोणी काय करायचे, आणि कधीपर्यंत. त्या तिन्ही असतील तर बाकीचे खुशाल खोडा.