४५ दिवस मागणारा मेल

भोसरीतला एखादा मशिनिंगचा कारखाना डोळ्यासमोर आणा. चाकणच्या एका मोठ्या कंपनीला तो दरमहा, जीएसटी धरून, साधारण १८ लाखांचे सुटे भाग देतो. पीओवर पेमेंट टर्म ६० दिवसांची आहे, पण पैसे जवळपास तीन महिन्यांनी येतात. दरम्यान पगार दर महिन्याला करावे लागतात, स्टीलवाला उधारी वाढवत नाही आणि जीएसटी तर पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरावाच लागतो, मग गिऱ्हाईकाने पैसे दिलेले असोत वा नसोत. अशा अवस्थेत मालक एका संध्याकाळी वैतागून मेल लिहितो. मेल बहुधा इंग्रजीत जातो, इथे त्याचा मजकूर मराठीत देतो:

“वारंवार कळवूनही आमचे पेमेंट वेळेवर होत नाही. एमएसएमई कायद्यानुसार ४५ दिवसांत पैसे देणे आपल्यावर बंधनकारक आहे. पुढील महिन्यापासून आमची टर्म ३० दिवस करावी. अन्यथा पुरवठा थांबवून आम्हाला फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जावे लागेल. सात दिवसांत उत्तर अपेक्षित आहे.”

यातले गाऱ्हाणे खरे आहे, तरीही मेल फुकट जातो. तो ज्याच्या हाती पडतो त्या परचेस मॅनेजरला टर्म बदलण्याचा अधिकारच नसतो. ते काम फायनान्सचे. परचेसवाल्याचे मोजमाप भाव, डिलिव्हरी आणि रिजेक्शनवर होते. आपला मेल वरच्या साहेबाला पाठवून काही बदलून घ्यावे, असे त्याला देण्यासारखे त्यात काहीच नाही. त्याच्या डोळ्यांत भरते ते एकच वाक्य, पुरवठा थांबवण्याचे. मग तो त्याच्या दृष्टीने शहाणपणाचे काम करतो आणि त्याच भागासाठी दुसरा व्हेंडर उभा करायला घेतो. शिवाय मेलमध्ये तीन विषयांची खिचडी झाली आहे: जुनी थकबाकी, पुढची टर्म आणि धमकी. कायदा ४५ दिवसांचा सांगायचा आणि मागायचे ३० दिवस, यामुळे आधारही डळमळतो.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे भाषा मऊ करणे. “आपण मोठे आहात, आम्हा लहानांना सांभाळून घ्या, बँकेचे हप्ते थकले आहेत.” माझ्या मते हा मेल पहिल्यापेक्षाही वाईट. पहिल्याने निदान फक्त राग येतो. दुसऱ्याने आपण आर्थिकदृष्ट्या कमकुवत पुरवठादार आहोत हे आपणच लिहून देतो आणि मोठ्या कंपन्या अशा पुरवठादारांवर बारीक लक्ष ठेवतात. मिळून मिसळून केलेल्या मागणीचा आवाजाशी फारसा संबंध नाही. समोरच्याने आत जाऊन आपली बाजू मांडायची असेल, तर त्यासाठी लागणारा कागद आपण तयार करून द्यायचा, एवढाच तिचा अर्थ.

तो कागद म्हणजे एक तक्ता. मागच्या तिमाहीतले प्रत्येक बिल एका ओळीत घ्यावे आणि पुढे पाच तारखा लिहाव्यात: माल गेटवर आला, जीआरएन झाला, बिल बुक झाले, पैसे देय झाले, पैसे खात्यात आले. आपल्या कारखान्याच्या तक्त्यातून समजा असे दिसले, की गेटपासून जीआरएनपर्यंत सरासरी ४ दिवस, तिथून बिल बुक होईपर्यंत १३ दिवस, मग टर्मचे ६० दिवस आणि महिन्यातून दोनदाच निघणाऱ्या पेमेंटची वाट पाहण्यात आणखी ८ दिवस गेले. एकूण ८५. मालकाचा सगळा राग त्या साठावर होता, पण पंचवीस दिवस दुसरीकडेच गळत होते. १३ दिवसांचा मागोवा घेतला तर पुष्कळदा दोष आपल्या बाजूचाही निघतो. बिलावर पीओचा लाइन नंबर नाही, टेस्ट सर्टिफिकेट सोबत नाही, रिजेक्शन वजा न करता बिल पूर्ण संख्येचे काढले आहे. असे बिल अकाउंट्समध्ये बाजूला पडते आणि कोणी सांगतही नाही.

आता कायद्याकडे. एमएसएमईडी कायदा, २००६ नुसार सूक्ष्म आणि लघू उद्योगांना लेखी करार असला तरी ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत लावता येत नाही. लेखी करार नसेल तर १५ दिवस. ही मुदत माल स्वीकारल्यापासून मोजायची आणि १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर माल पोचला तोच दिवस स्वीकृतीचा. बिल कधी बुक झाले याला इथे महत्त्व नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. त्यात २०२३ च्या वित्त कायद्याने ४३बी (एच) या नावाने ओळखली जाणारी तरतूद आणली. या मुदतीत पैसे दिले नाहीत, तर खरेदीदाराला त्या खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच मिळते. म्हणजे हा चिमटा बसतो तो ३१ मार्चला न दिलेल्या, मुदत उलटलेल्या बिलांवर. जूनमधले बिल ऑक्टोबरात दिले तर आयकरात काही बिघडत नाही. म्हणूनच असा मेल डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जावा, फायनान्सवाले वर्षअखेरीची जुळवाजुळव सुरू करण्याआधी. एक सावधगिरी मात्र हवी. मध्यम उद्योगांना आणि व्यापाऱ्यांना या मुदतीचे संरक्षण नाही. आपण त्यात मोडत असू, तर मेलमध्ये कायद्याचा उल्लेखही करू नये. समोरचा टॅक्सवाला एका मिनिटात तो खोडून काढतो आणि बाकीचा मेलही पडतो.

नव्या मेलआधी परचेसच्या साहेबांना एक फोन करावा. “सर, पेमेंटबद्दल एक प्रस्ताव पाठवतोय, फायनान्समध्ये कोणाला दाखवावा लागेल?” त्यानंतर मेल:

“नमस्कार सर. फोनवर बोलल्याप्रमाणे मागील तिमाहीतील बिलांचा तक्ता जोडला आहे. माल आपल्या गेटवर आल्यापासून पैसे जमा होईपर्यंत सरासरी ८५ दिवस लागले. त्यातले १३ दिवस जीआरएननंतर बिल बुक होण्यात गेले. काही बिलांवर पीओ लाइन नंबर नव्हता, ती चूक आमची होती. डिसेंबरपासून प्रत्येक बिलावर तो नंबर आणि सोबत टेस्ट सर्टिफिकेट असेल.

१ जानेवारीपासून येणाऱ्या मालासाठी, माल मिळाल्यापासून ४५ दिवसांत पेमेंट, अशी टर्म करावी ही विनंती. आमचे लघू उद्योगाचे उद्यम प्रमाणपत्र जोडले आहे. व्हेंडर मास्टरमध्ये तशी नोंद झाली, तर मार्चअखेरीस आपल्या टॅक्स टीमला आमची बिले वेगळी शोधावी लागणार नाहीत.

आपल्या पेमेंटच्या तारखांमुळे हे अवघड असेल, तर आमची बिले ट्रेड्सवर घेता येतील का, तेही पाहावे. या पुरवठ्यासाठी दहा दिवसांचा तयार माल आमच्याकडे राखून ठेवण्याची आमची तयारी आहे. पुढील आठवड्यात आपण आणि फायनान्समधील सहकारी यांच्याशी वीस मिनिटे बोलता येईल का? जुन्या बिलांचे स्टेटमेंट अकाउंट्सला वेगळे पाठवत आहे.”

थकबाकी वेगळ्या मेलमध्ये गेल्याने इथे भांडण उरलेले नाही. कायदा आहे, पण खरेदीदाराचे काम सोपे करणाऱ्या वाक्यातून तो आला आहे आणि फायनान्सवाल्याला तो न सांगता कळतो. दहा दिवसांचा साठा परचेसवाल्याच्या कामाचा, कारण लाइन थांबण्याची भीती त्याला असते. हे आश्वासन मात्र झेपणारेच असावे. सहा लाखांचा माल गोदामात पडून राहणार असेल, तर सुटलेल्या पैशातला तेवढा भाग पुन्हा अडकला, हे धरूनच ते द्यायचे.

ट्रेड्सबद्दल थोडे. खरेदीदाराने बिल मान्य केले, की त्या मंचावरच्या बँका किंवा वित्तसंस्था त्यावर बोली लावतात, आपल्याला व्याज कापून पैसे लवकर मिळतात आणि खरेदीदार देय तारखेला त्या संस्थेला पैसे देतो. दर खरेदीदाराच्या पतीवर ठरतो आणि त्याने पैसे थकवले तरी ते आपल्याकडून वसूल केले जात नाहीत. २५० कोटींपेक्षा जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांना ३१ मार्च २०२५ पर्यंत तिथे नोंदणी करणे सक्तीचे केले होते. पण नोंदणी झाली म्हणजे आपली बिले तिथे जातात असे नव्हे, म्हणून विचारावे लागते. व्याज कोणी सोसायचे हेही आधीच बोलून घ्यावे.

घसरण्याची खरी जागा डिस्काउंटची आहे. “४५ दिवसांत दिलेत तर एक टक्का कमी घेऊ,” असे पुष्कळ जण लिहून मोकळे होतात. जे कायद्याने आपलेच आहे ते पैसे मोजून का विकत घ्यायचे? डिस्काउंट द्यायचा तर ४५ च्या आतल्या दिवसांसाठी. समजा २० दिवसांत पैसे हवे आहेत. आपली कॅश क्रेडिट ११ टक्क्यांची असेल, तर २५ दिवसांची किंमत आपल्याला बिलाच्या पाऊण टक्का पडते. मोठ्या कंपनीला पैसा ८ टक्क्यांनी मिळत असेल, तर तिला ती अर्ध्या टक्क्याहून किंचित जास्त. या दोन आकड्यांच्या मधे, म्हणजे ०.६ ते ०.७ टक्क्यांत सौदा झाला तर दोघांचाही फायदा. मात्र पैसे विसाव्या दिवसापर्यंत जमा झाले तरच डिस्काउंट, हे वाक्य पीओवर हवे. नाहीतर डिस्काउंट पहिल्या बिलापासून कापला जातो आणि पैसे पूर्वीच्याच चालीने येतात. पुढच्या भावाच्या बोलणीत तो भावातलाच भाग मानला जातो, ते निराळेच.

खरेदीदार म्हणेल, एकदम नको, मार्चपर्यंत ६० दिवस राहू द्या, पण मोजणी जीआरएनपासून करू. हे घ्यायला हरकत नाही. बुकिंगचे १३ दिवस तर लगेच सुटले आणि पेमेंटची तारीख जुळली तर आणखी ८, म्हणजे एकूण २१. फक्त उत्तरात “मान्य” एवढेच लिहू नका. “मार्चपर्यंतची व्यवस्था म्हणून चालेल, १ एप्रिलपासून ४५ दिवस धरतो, कायद्याने मिळणारी मुदत तशीच राहील,” असे लिहा. या वाक्याने कोणी दुखावत नाही आणि पुढे कौन्सिलकडे जायची वेळ आली तर ते उपयोगी पडते. त्या वाटेचे पत्र मात्र वेगळे, वकिलाला दाखवून लिहिलेले असावे. त्यातला मजकूर या मेलमध्ये आणू नये.

मेलला “नोटेड” असे उत्तर आले, तर काहीच झालेले नाही. साहेबांनी फोनवर “करून टाकतो” म्हटले, तरीही नाही. कंपनीच्या सिस्टिममध्ये आपल्या व्हेंडर कोडसमोरची टर्म बदलली, की पुढच्या पीओवर ती छापून येते. जानेवारीचा पहिला पीओ आला की आधी ती ओळ वाचा: दिवस किती आणि ते कशापासून, माल मिळाल्यापासून की बिल बुक झाल्यापासून. “बिल बुकिंगपासून ४५” असे छापले असेल, तर अमेंडमेंट मागा, त्याच दिवशी आणि त्याच तक्त्याचा हवाला देऊन.