कमर टेलर्स: एका पाटीचं मराठी करताना

सावेडीत भिस्तबाग चौक कुणाला माहीत नाही? पण या नावात पखाल वाहणारा भिस्ती दडलाय असं समजणारे मला बरेच भेटतात. मूळ नाव ‘हश्त बिहिश्त बाग’. फारसीत हश्त म्हणजे आठ आणि बिहिश्त म्हणजे स्वर्ग. निजामशाहीतल्या या बागेच्या नावातले आठ आधी गळाले आणि मग स्वर्गाचा भिस्त झाला. (भिस्ती हा शब्दही त्याच बिहिश्तवरून आला, ही आणखी एक गंमत.) लोकांच्या जिभेवर नाव झिजायला पिढ्या लागल्या. दुकानाच्या पाटीवर तेच काम एखादा डीटीपीवाला अर्ध्या तासात करून टाकतो, आणि पुढे ते चूक नावच गिऱ्हाइकाच्या तोंडी बसतं.

सध्या पाट्या बदलण्याचे दिवस आहेत. राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून दहापेक्षा कमी कामगार असलेल्या लहान दुकानांनाही नामफलक मराठीत, देवनागरी लिपीत लावावा लागतो, आणि मराठी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. त्यात ऑक्टोबर २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, म्हणजे पत्त्याची ओळही बदलायची आली. या गडबडीत काही तरुण दुकानदार उर्दूची ओळच काढून टाकतात. ‘नको ती भानगड’, असं त्यांचं म्हणणं. पण कायदा मराठी लावा म्हणतो, दुसरी भाषा काढा म्हणत नाही.

अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगर परिषदेच्या फलकावर मराठीखाली उर्दू होती. ती काढावी म्हणून चाललेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्या. सुधांशु धुलिया आणि न्या. के. विनोद चंद्रन यांच्या खंडपीठाने १५ एप्रिल २०२५ रोजी ती उर्दू कायम ठेवली. मराठीसोबत उर्दू लिहायला कायद्यात मनाई नाही, आणि भाषा म्हणजे धर्म नव्हे, असा त्या निकालाचा आशय. तो खटला पालिकेच्या फलकाचा आणि वेगळ्या कायद्याखालचा होता, हे खरं. पण दुकानदाराची भीती कमी करायला तो पुरेसा आहे.

आता प्रत्यक्ष काम. नमुन्यादाखल मी एक पाटी रचतो. सावेडीत अशी पाटी शोभेल, पण ही कुणाची नाही. वर इंग्रजीत ‘कमर टेलर्स अँड ड्रेपर्स’. मध्ये उर्दूत फक्त ‘कमर’. खाली हिंदीत ‘यहाँ शेरवानी किराये पर मिलती है’. कोपऱ्यात एका शिलाई मशीनचा छाप आणि ‘प्रो. अब्दुल जलील शेख’. तीन भाषा आणि तीन लिप्या. फ्लेक्सवाला ही पाटी वरून खाली सलग ‘मराठी करतो’, आणि तिथेच बिघडतं. आधी प्रत्येक शब्दाला विचारावं: तू नाव आहेस की काम सांगणारा शब्द? नावाचा उच्चार देवनागरीत आणायचा, भाषांतर करायचं नाही. कामाच्या शब्दाचा अर्थ आणायचा.

‘ड्रेपर्स’ हा कामाचा शब्द. तो देवनागरीत तसाच उतरवला तर अक्षरं मराठी होतात, पण आत कापड मिळतं हे कुणालाच कळत नाही. तिथे ‘कापड व शिलाई’ लिहा. ‘टेलर्स’ मात्र राहू द्या, तो आता आपलाच शब्द आहे. हिंदी ओळ आधीच देवनागरीत आहे म्हणून ती सोडून देतात, पण देवनागरी म्हणजे मराठी नव्हे. ‘शेरवानी भाड्याने मिळेल’ एवढं पुरे. मशीनचा छाप हे कंपनीचं चिन्ह आहे, त्याच्या अक्षरांना हात लावू नका. त्याचं नाव शेजारी देवनागरीत हवं असेल, तर कंपनी स्वतःच्या मराठी जाहिरातीत जसं लिहिते तसंच घ्या.

खरी अडचण ‘कमर’ची. उर्दूत हा शब्द काफने सुरू होतो आणि त्याचा अर्थ चंद्र. मराठी वाचकाला मात्र ‘कमर’ म्हणजे कंबर, आणि शिंप्याच्या दुकानावर तर तो हमखास तेच वाचणार! कुणी सुचवेल की ‘चंद्र टेलर्स’ करा. पण मग ते दुकान दुसरंच झालं. कखाली नुक्ता दिला, म्हणजे ‘क़मर’ लिहिलं, तर उर्दू जाणणाऱ्याला कळेल, पण मराठी वाचक त्या टिंबाकडे बघतही नाही. माझं मत असं, की ‘कमर’ साधंच मोठ्या अक्षरात लिहावं आणि उर्दू ओळ त्याच्याखाली ठेवावी. देवनागरी उच्चार देते आणि उर्दू कुठला शब्द ते सांगते. उर्दूची ओळ ठेवायचं हे मला सगळ्यांत व्यावहारिक कारण वाटतं.

‘जलील’मध्ये तर अब्रूचा प्रश्न आहे. जीमने लिहिलेला जलील म्हणजे थोर. जालने लिहिलेला म्हणजे हलका, अपमानित. झाकीर, झुबेर पाहून सवय झालेला पेंटर इथेही ‘झलील’ करून ठेवतो आणि मालकाच्या नावावर शिवी चढते. उर्दू न येणाऱ्यालाही हे तपासता येतं. बरोबर शब्दात उजवीकडचं पहिलं अक्षर पुढच्याला जोडलेलं असतं आणि त्याचा ठिपका खाली असतो. पहिलं अक्षर सुटं उभं आणि ठिपका वर दिसला, तर छपाई थांबवा.

शिवाय ‘अब्दुल’ मोठं आणि ‘जलील’ खालच्या ओळीत बारीक, असं करू नका. अब्दुल म्हणजे नुसतं ‘अमक्याचा दास’. कुणाचा ते पुढच्या शब्दात आहे, म्हणून दोन्ही एकाच ओळीत आणि एकाच मापात हवेत. हीच गोष्ट अब्दुर रहमानची. तिथे लिहिताना अलिफ-लाम असतं पण उच्चार र होतो, म्हणून कागदोपत्री कुठे ‘अब्दुल रहमान’ तर कुठे ‘अब्दुर रहमान’ सापडतं. अशा वेळी शुद्ध काय यावर वाद घालत बसू नका. गुमास्त्याच्या कागदावर मराठीत जे आहे तेच पाटीवर घ्या. चालू खातं उघडताना बँकेचा माणूस पाटीचा फोटो काढून नेतो, तेव्हा दोन्हीकडे एकच नाव असलेलं बरं.

पत्त्याचं सोपं आहे. ‘सावेडी, अहिल्यानगर’ हा पत्ता. पण दुकानाचं नावच ‘अहमदनगर टेलर्स’ असेल, तर ते नाव आहे, पत्ता नाही.

शेवटची खोट संगणकावर होते. इनपेजमधली उर्दू कोरलड्रॉच्या जुन्या आवृत्तीत मजकूर म्हणून चिकटवली, की अक्षरं सुटी होतात आणि कधी उलट्या क्रमाने लागतात. ती चित्र म्हणून किंवा वक्ररेषांत बदलून आणायला सांगा. ‘कमर’ची तीनही अक्षरं उर्दूत एकमेकांना जोडलेली असतात आणि दोन ठिपक्यांचं काफ उजव्या टोकाला येतं. तीन सुटे तुकडे दिसले तर काम बिघडलंय. देवनागरीतही ‘जलील’चे ल आणि ‘शेख’चा श हिंदी वळणाचे येतात, कारण बऱ्याच फाँटमध्ये तेच आधी असतात. मराठी वळणाचा फाँट मागून घ्या.

नमुना फ्लेक्सवर जाण्याआधी कागदावर काढा. एक प्रत मालकाला द्या, एक उर्दू वाचणाऱ्या चाचांना आणि एक अशा माणसाला, ज्याला उर्दू अजिबात येत नाही. तिघांना ती मोठ्याने वाचायला सांगा आणि मगच पैसे द्या.