वकिलाच्या नोटिशीआधी आपलं साधं पत्र

समजा मार्चचे 22 तास ओव्हरटाइमचे, तासाला 18 युरोप्रमाणे 396 युरो, पगारात आलेच नाहीत. आपली माणसं लगेच म्हणतात, वकिलाची नोटीस पाठवू. माझं मत, आधी स्वतः पत्र द्या. इथं लेबर कोर्टात पहिल्या पायरीवर जिंकलात तरी वकिलाची फी आपल्याच खिशातून जाते. मग 396 मधलं हातात काय उरणार?

पत्रात तारखा, तास, रक्कम आणि पैसे कधीपर्यंत हवेत ते लिहा. साक्षीदार घेऊन द्या, आपल्या प्रतीवर सही घ्या. साइटवर तोंडी सांगितलेलं धरत नाहीत. बांधकामाच्या सामूहिक करारात पगाराची देय तारीख उलटल्यावर दोन महिन्यांत लेखी मागणी केली नाही, तर किमान वेतनाच्या वरचा हक्क बुडतो. तो वाचवायला साधं पत्र पुरतं.

मालकाने नकार दिला किंवा दोन आठवडे गप्प बसला, तर पुन्हा पत्र लिहीत बसू नका. पुढच्या दोन महिन्यांत कोर्टात दावा लागतो, आणि वकिलाच्या नोटिशीनेही ती मुदत थांबत नाही. नोटिशीने मालक फार तर घाबरतो. दावा तर लेबर कोर्टाच्या ‘रेख्ट्सआनट्राग्सश्टेले’ खिडकीवर वकिलाशिवाय, तोंडी सांगूनही नोंदवता येतो.

कामावरून काढलं असेल तर मात्र पत्र नकोच. काढल्याचा कागद हातात पडल्यापासून तीन आठवड्यांत दावा दाखल करा.