पाकीट एक, वाटे अडीच

विद्यार्थी मित्रांनो, बटाट्याच्या वेफर्सचे ७५ ग्रॅमचे पाकीट फोडून त्यातले ४५ ग्रॅम तुम्ही कधी उद्यासाठी राखून ठेवले आहेत काय? मला तरी असा संयमी माणूस अजून भेटलेला नाही. पाकिटावरचा तक्ता छापणाऱ्याने मात्र तो आहे असे धरलेले दिसते.

नमुन्यादाखल एक पाकीट घेऊ. त्यावर १०० ग्रॅममध्ये ५४२ किलोकॅलरी, ७ ग्रॅम प्रथिने, ५२ ग्रॅम कर्बोदके, ३४ ग्रॅम स्निग्ध पदार्थ आणि ८०० मिलिग्रॅम सोडियम असे लिहिले आहे. शेजारच्या रकान्यात टक्के आहेत : स्निग्ध पदार्थ १५, सोडियम १२. वाचून वाटते, एवढेच ना! पण हे टक्के ‘सर्व्हिंग’चे, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या ३० ग्रॅमच्या वाट्याचे आहेत. पाकिटात असे अडीच वाटे आहेत.

तेव्हा वाटा बाजूला ठेवा. पाकिटावर ‘निव्वळ वजन’ शोधा, त्याला १०० ने भागा आणि येईल त्या संख्येने १०० ग्रॅमचा रकाना गुणा. येथे ती संख्या ०.७५ आहे. म्हणून अख्ख्या पाकिटात प्रथिने ५.२५, कर्बोदके ३९ आणि स्निग्ध पदार्थ २५.५ ग्रॅम. ताळा करायचा असेल तर पहिल्या दोहोंना ४ ने व स्निग्धांना ९ ने गुणून बेरीज करा. ती ४०६.५ येते, आणि ५४२ च्या पाऊणपटही तेवढीच. (‘साखर’ वेगळी छापलेली असली तरी ती कर्बोदकांतच धरलेली असते, पुन्हा मिळवू नका.)

वाट्याचे आकडे वाट्यांच्या संख्येने गुणले तर चालणार नाही काय? चालेल, पण ते आकडे पूर्णांकात आणलेले असू शकतात. ३० ग्रॅममधली २.१ ग्रॅम प्रथिने ‘२’ अशी छापली, की अडीचपट करून ५ च येतात. वाट्यांची संख्याच ‘सुमारे ३’ अशी असेल तर चूक आणखी वाढते.

माझे स्पष्ट मत असे की, एका बैठकीत संपणाऱ्या पाकिटावर टक्के अख्ख्या पाकिटाचेच हवेत. अमेरिकेने २०१६ च्या नियमाने ठराविक वाट्याच्या दुप्पट ते तिप्पट माल असलेल्या बहुतेक पाकिटांवर वाट्याचा आणि पूर्ण पाकिटाचा असे दोन रकाने सक्तीचे केले. आपल्याकडे २०२० च्या नियमांनी १०० ग्रॅमचे आकडे मिळतात, पण टक्के वाट्याचेच.

ते टक्केही २००० किलोकॅलरी लागणाऱ्या प्रौढाचे आहेत, तुमच्या वयाचे नव्हेत. त्या प्रौढालासुद्धा आपल्या पाकिटातून स्निग्ध पदार्थ १५ नव्हे, ३८ टक्के मिळतात आणि सोडियम ३० टक्के, म्हणजे दीड ग्रॅम मीठ.