शब्द मोजण्यापूर्वी



भाषांतराच्या कामाचा पहिला प्रश्न भाषेचा नसतो, तो पैशांचा असतो. ‘या मजकुराचे किती घ्याल?’ असे विचारणारा ग्राहक सोबत बहुधा एक पीडीएफ फाईल पाठवतो आणि त्याच दिवशी उत्तराची अपेक्षा धरतो. या उत्तराकडे आपण हिशेबाची बाब म्हणून पाहतो. शब्द मोजायचे, दराने गुणायचे आणि आकडा कळवायचा. माझे मत थोडे वेगळे आहे. पीडीएफमधील शब्दांची मोजणी हे भाषेच्या जाणकाराचे काम आहे. ते यंत्रावर सोपवले, तर आपण एकाच वेळी ग्राहकावरही अन्याय करतो आणि स्वतःवरही.

आपल्याच अभ्यासक्रमातून पदवी घेतलेल्या एका विद्यार्थिनीला गेल्या वर्षी पहिले मोठे काम मिळाले. एका सेवाभावी संस्थेला आपला मराठी वार्षिक अहवाल परदेशातील देणगीदारांसाठी इंग्रजीत हवा होता. फाईल चाळीस पानांची होती. तिने फाईलमधील सर्व मजकूर निवडला, वर्डमध्ये उतरवला आणि पडद्याच्या तळाशी दिसलेला आकडा घेतला: ९,८६० शब्द. शब्दाला दीड रुपया या दराने १४,७९० रुपये होतात. तेवढे तिने लेखी कळवले आणि संस्थेने ते मान्य केले. काम सुरू झाल्यावर शेवटची आठ पाने तिच्या लक्षात आली. नोंदणी प्रमाणपत्र, लेखापरीक्षकाचा अहवाल आणि जमाखर्चाचे तक्ते ही सारी स्कॅन केलेली चित्रे होती. त्यांतील एकही शब्द त्या आकड्यात नव्हता. तेव्हा ती फाईल घेऊन माझ्याकडे आली आणि आम्ही दोघांनी मिळून मोजणी पुन्हा केली.

ती मोजणी सांगण्यापूर्वी पीडीएफ म्हणजे काय हे लक्षात घ्या. अडोबी कंपनीने १९९३ साली हा प्रकार आणला, तो कागद कोणत्याही संगणकावर जसाच्या तसा दिसावा यासाठी. त्यामुळे कोणत्या अक्षराची आकृती पानावर कोठे ठेवायची, याची नोंद हा या फाईलचा गाभा असतो. ‘हा एक शब्द’ अशी नोंद तीत असेलच असे नाही. दोन शब्दांमधली जागाही पुष्कळदा नोंदवलेली नसते. मजकूर उतरवून घेणारा प्रोग्राम आकृत्यांमधील अंतर पाहून जागेचा अंदाज बांधतो. देवनागरीत हा अंदाज अधिक चुकतो, कारण वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे यांच्या आकृत्या उच्चाराच्या क्रमाने मांडलेल्या नसतात. मग ‘विद्यार्थी’ या एका शब्दाचे दोन तुकडे पडतात आणि यंत्र दोन शब्द मोजते. उलट, ओळ दाटीने बसवलेली असेल तर दोन शब्द चिकटतात आणि एकच मोजला जातो.

म्हणून मोजणीची पहिली पायरी म्हणजे पानांची वर्गवारी. त्यासाठी तीन साध्या कसोट्या पुरतात. पानावर डोळ्यांना दिसणारा एखादा शब्द, समजा ‘संस्था’, Ctrl+F वापरून शोधा. सापडला, तर त्या पानावर खरा मजकूर असण्याचा संभव आहे. न सापडल्यास त्या पानावरची एक ओळ निवडून वर्डमध्ये चिकटवा. ओळ निवडताच आली नाही, तर ते पान चित्र आहे. ओळ निवडता आली पण चिकटवल्यावर रोमन अक्षरांची खिचडी दिसली, तर मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमधला आहे. तिसरी कसोटी म्हणजे पान चौपट मोठे करून पाहणे. खऱ्या मजकुराच्या कडा तेव्हाही रेखीव राहतात, चित्रातील अक्षरांच्या कडा फुटतात. काही स्कॅनवर अक्षरओळखीचा अदृश्य मजकूर चढवलेला असतो. तो निवडता येतो, शोधताही येतो, पण त्यात चुका असू शकतात. ही लबाडी फक्त तिसऱ्या कसोटीने उघड होते.

या कसोट्यांनी त्या अहवालाचे तीन भाग पडले. पहिली २६ पाने युनिकोडमधील, पुढची ६ पाने जुन्या फॉन्टमधील आणि शेवटची ८ पाने चित्ररूप.

पहिल्या भागात यंत्राने ८,१९० शब्द मोजले होते. परंतु प्रत्येक पानाच्या माथ्यावर संस्थेचे नाव व ‘वार्षिक अहवाल’ असे सात शब्द आणि पृष्ठक्रमांक होता. दर पानामागे आठ याप्रमाणे २६ पानांचे २०८ शब्द होतात. एकदाच भाषांतरित होणाऱ्या मजकुराचे सव्वीस वेळा पैसे मागणे योग्य नाही. ते वजा करून ७,९८२ उरले. नंतर सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे अशी तीन पाने आम्ही हाताने मोजली. माथ्याचा मजकूर वगळता यंत्र त्या तीन पानांत ९२० शब्द सांगत होते, प्रत्यक्षात ८७४ भरले. म्हणजे तुटलेल्या शब्दांमुळे आकडा फुगला होता आणि खरी संख्या यंत्राच्या संख्येच्या ९५ टक्के होती. त्या प्रमाणाने पहिल्या भागाचे ७,५८३ शब्द ठरले. तीन पानांचा नमुना अचूक संख्या देत नाही, पण चूक कोणत्या दिशेला आणि साधारण किती आहे हे सांगतो. तिन्ही पानांचे प्रमाण परस्परांपासून फार वेगळे आले, तर आणखी पाने मोजावी लागतात.

दुसऱ्या भागाने विद्यार्थिनीला सर्वांत जास्त घाबरवले होते, आणि तेथेच यंत्र बऱ्यापैकी खरे निघाले. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये ‘मराठी’ हा शब्द फाईलमध्ये ejkBh असा साठवलेला असतो. वाचायला तो निरर्थक आहे, पण दोन शब्दांमधली जागा तेथेही जागाच असते. त्यामुळे शब्दसंख्या सहसा फारशी बिघडत नाही. बिघडते ती अक्षरसंख्या, कारण त्या फॉन्टमध्ये ‘ण’ किंवा ‘ख’ या एकेका अक्षराला दोन चिन्हे लागतात. दर अक्षरांवर ठरला असेल, तर असा मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घेतल्याशिवाय मोजू नये. येथे दर शब्दांवर होता. एक पान हाताने मोजून पाहिले, ते जुळले. यंत्राच्या १,६७० शब्दांतून सहा पानांच्या माथ्याचे ४८ वजा केले आणि १,६२२ धरले.

तिसऱ्या भागात यंत्राचे उत्तर शून्य होते. पाच पाने भरगच्च मजकुराची होती. आम्ही प्रत्येकावरच्या ओळी मोजल्या, दहा ओळींतील शब्दांची सरासरी काढली आणि पानाला सुमारे २८ ओळी व ओळीला १० शब्द, म्हणजे २८० शब्द, असे ठरवले. पाच पानांचे १,४०० झाले. उरलेली तीन पाने तक्त्यांची होती. त्यांतील आकडे वगळून फक्त शीर्षके आणि बाबींची नावे मोजली. पानाला सरासरी ८० प्रमाणे २४० शब्द भरले. आकड्यांचे भाषांतर होत नाही, पण ते नव्याने टंकित करून पडताळावे लागतात. म्हणून त्यांना शब्द न म्हणता तक्त्याच्या मांडणीचे पानामागे वेगळे शुल्क सांगणे मला अधिक सरळ वाटते. या भागाचे एकूण १,६४० शब्द झाले.

तिन्ही भागांची बेरीज १०,८४५. यंत्राच्या आकड्यापेक्षा ९८५ जास्त. दीड रुपयाच्या दराने १,४७७ रुपये ५० पैशांचा फरक. ‘एवढाच?’ असे तुम्हांला वाटेल, आणि माझ्या मताचा मुद्दा नेमका येथेच आहे. हा फरक लहान दिसतो, कारण दोन मोठ्या चुकांनी एकमेकींना झाकले. पहिल्या दोन भागांत तिने संस्थेकडून ६५५ शब्दांचे जादा पैसे मागितले होते आणि तिसऱ्या भागात १,६४० शब्दांचे काम फुकट देऊ केले होते. स्कॅन आठऐवजी वीस पानांचे असते तर तिचा महिना बुडाला असता. मुळीच नसते तर संस्थेचे पैसे विनाकारण गेले असते. योगायोगाने जुळलेला हिशेब हा बरोबर हिशेब नव्हे.

कोणी म्हणेल की एवढ्या खटाटोपापेक्षा पानावर दर ठरवावा. पण पीडीएफचे पान हे कागदाचे माप आहे, मजकुराचे नव्हे. नऊ पॉइंटमध्ये छापलेले पान आणि चौदा पॉइंटमध्ये छापलेले पान ही दोन्ही एकच पान ठरतात. पानावर दर सांगायचाच असेल, तर ‘एक पान म्हणजे मूळ मजकुराचे २५० शब्द’ अशी व्याख्या आधी लिहावी. त्या व्याख्येने हा चाळीस पानांचा अहवाल ४३ पानांहून थोडा जास्त भरतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: भाषांतर पूर्ण झाल्यावर त्याचेच शब्द मोजावेत, ते स्वच्छ वर्ड फाईलमध्येच असतात. सोय आहे खरी, पण त्यामुळे ग्राहकाला खर्च आधी कळत नाही आणि पाल्हाळ लावणाऱ्या भाषांतरकाराला बक्षीस मिळते. शिवाय ‘शब्द’ हे माप प्रत्येक भाषेत सारखे नसते. मराठी विभक्तिप्रत्यय आणि बहुतेक शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहिते. ‘विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाजवळ’ हे आपले दोन शब्द. हिंदीत ‘विद्यार्थियों के छात्रावास के पास’ असे पाच होतात, इंग्रजीतही जवळपास तेवढेच लागतात. जर्मन भाषेत लांबलचक सामासिक शब्द असतात आणि जर्मनीत न्यायालयीन भाषांतराचे मानधन कायद्याने शब्दांवर न देता ५५ अक्षरचिन्हांच्या ओळीवर दिले जाते. म्हणून मूळ मजकुराचे शब्द मोजावेत, आणि इंग्रजी मुळासाठीचा दर मराठी मुळाला तसाच लावू नये. मराठीचा एक शब्द अधिक काम वाहतो. हाताने लिहिलेली, अस्पष्ट कागदपत्रे हा एकच अपवाद. तेथे भाषांतराचे शब्द मोजावेत, पण कमाल रक्कम आधीच लिहून द्यावी.

त्या विद्यार्थिनीने लेखी कळवलेला दर बदलला नाही. मात्र काम देताना मोजणीचा तीन भागांचा तक्ता तिने सोबत जोडला. त्यात तिच्या बाजूची चूक आणि संस्थेच्या बाजूची चूक दोन्ही होत्या. माझा आग्रह एवढाच की हा तक्ता कामाच्या शेवटी नको, दरपत्रकासोबतच जावा. पानांचे प्रकार, यंत्राचा आकडा, वजावट, नमुन्याने केलेली दुरुस्ती आणि अंदाजाने धरलेली पाने एवढे त्यात असले की पुरे. ग्राहक तो वाचून शंका विचारू शकतो, आणि घासाघीस झालीच तर ती दरावर होते, मोजणीवर नव्हे.

स्वाध्याय: आपल्या भागातील एखाद्या संस्थेचा किमान दहा पानांचा मराठी पीडीएफ अहवाल घ्या. त्यातील पानांची तीन कसोट्यांनी वर्गवारी करा. यंत्राची शब्दसंख्या आणि तीन पानांची हाताने केलेली मोजणी यांतील फरक काढा आणि तो का पडला हे पाच ओळींत लिहा.