बेत कोणाचा?

ईदनंतर लोणारला जायचे ठरले, की आपल्या घरांत मियाँ म्हणतात, ‘तू सांग, मी करतो.’ पण तारीख पाहणे, नणंदेला विचारणे, बसची वेळ, डबा, पाणी, नमाजची सोय हे सारे लक्षात ठेवणे हेच मोठे काम, आणि ते बीबीकडेच राहते. म्हणून आपण कामे नव्हे, अख्खे बेत वाटून घ्यावेत. या महिन्याची सहल पूर्ण त्यांची, पुढची दावत पूर्ण तिची. त्यांच्या डब्यात लोणचे राहिले, तर राहू द्यावे. टोकले की बेत पुन्हा तिच्याकडे येतो. ‘काय काय घेऊ?’ असे विचारले, तर वाटणी अजून झालेली नाही. प्रेषित (स.) घरकामात हातभार लावत, असे हजरत आयशा (रजि.) यांनीच सांगितले आहे.